पैसे आले, पण दुसऱ्याच खात्यात: ग्राहकाला काय लिहावे?

आज एकच निरोप घेऊन बसू आणि तो नीट लिहून काढू. प्रसंग असा आहे. एकाच मालकांच्या दोन कंपन्या आहेत. ग्राहकाने माल पहिल्या कंपनीकडून घेतला, बिलही तिचेच, बिल क्रमांक 418. मुदत 5 तारखेची होती. ग्राहकाने 3 तारखेलाच पूर्ण रक्कम पाठवली, पण ती दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा झाली. पहिल्या कंपनीच्या वहीत बिल अजून येणे दिसते आहे. वसुली पाहणाऱ्या माणसाने घाईत लिहिलेला मसुदा असा होता:

"महोदय, आपण बिल क्र. 418 ची रक्कम चुकीच्या खात्यात भरली आहे. बिलावर खाते क्रमांक स्पष्ट छापलेला असूनही आपण तो पाहिलेला दिसत नाही. आमच्याकडे रक्कम जमा नसल्याने बिल थकीत आहे. तरी योग्य खात्यात त्वरित भरणा करावा, अन्यथा विलंब शुल्क लागू होईल."

यातला बोचरा सूर सगळ्यांना दिसतो. मला मात्र त्याहून मोठा दोष शेवटच्या वाक्यात वाटतो. ग्राहकाचे पैसे एकदा गेलेले आहेत. ते कुठे आहेत, परत मिळणार का, कधी मिळणार, याबद्दल एक अक्षर नाही, आणि वर "भरणा करावा" म्हटले आहे. म्हणजे त्याने पुन्हा खिशात हात घालायचा. एवढी रक्कम दोनदा बाहेर काढण्याची सोय सगळ्यांकडे नसते. हा निरोप वाचून माणूस गप्प बसला, तर आपण म्हणतो की ग्राहक टाळतो आहे. खरे तर त्याला पुढचे पाऊल कळलेलेच नसते.

म्हणून लिहायच्या आधी पैशांचा ठावठिकाणा लावायचा. दुसऱ्या कंपनीच्या बँक विवरणात 3 तारखेची नोंद काढा. रक्कम तीच आहे ना, पाठवणाऱ्याचे नाव तेच आहे ना, व्यवहार क्रमांक कोणता, हे पाहा. ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. तो पैसे निघाल्याचे सांगतो, पोचल्याचे सांगत नाही. नोंद सापडली की निरोपाचे पहिले वाक्य आपोआप मिळते: रक्कम मिळाली आहे आणि सुरक्षित आहे. ज्याचे पैसे भरकटलेत त्याला आधी हेच ऐकायचे असते.

आता ग्राहकाकडून नेमके काय मागायचे? मालक एकच आहेत, तर या खात्यातले त्या खात्यात टाकून मोकळे व्हावे, असे कुणालाही वाटेल. जुने खाते आणि नवे खाते दोन्ही एकाच कंपनीची असती, तर तेच करायचे होते. तिथे ग्राहकाला त्रास द्यायचे कारणच नाही. पावती द्यायची, आणि पुढच्या वेळी नव्या खात्यात पाठवा एवढे कळवायचे. पण दोन कंपन्या म्हणजे कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती. त्यांचे हिशेब वेगळे, कर वेगळे. दुसऱ्या कंपनीच्या वहीत ही रक्कम ग्राहकाचे देणे म्हणून बसते. ग्राहकाची लेखी संमती घेऊन ती वळवण्याचा मार्ग काही वेळा निघतो, पण तो आपल्या हिशेबनिसाला विचारूनच. सरळ रस्ता असा की दुसऱ्या कंपनीने रक्कम परत करायची आणि मग ग्राहकाने ती पहिल्या कंपनीला पाठवायची. क्रम हाच ठेवा, आधी परतावा आणि नंतर विनंती.

परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जायला हवा. "दुसऱ्या खात्यावर पाठवा" असे कुणी सांगितले, तर हात आखडा. चुकून पैसे आल्याचे दाखवून परतावा तिसरीकडे वळवणे ही फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे.

हे झाल्यावर निरोप असा होतो:

"नमस्कार. बिल क्र. 418 साठी आपण 3 तारखेला पाठवलेली पूर्ण रक्कम सुरक्षित आहे. ती आमच्या सिस्टर कंपनीच्या खात्यात जमा झाली होती. दोन्ही कंपन्यांचे हिशेब वेगळे असल्यामुळे ती आम्हाला परस्पर वळवता येत नाही. म्हणून आज, 6 तारखेला, ती आपल्या त्याच खात्यात परत पाठवली आहे. व्यवहार क्रमांक सोबत देत आहोत. रक्कम आपल्या खात्यात दिसली की कृपया बिलावर छापलेल्या खात्यात पाठवावी. आपण रक्कम मुदतीत पाठवली होती, त्यामुळे विलंब शुल्क लागणार नाही. 15 तारखेपर्यंत वेळ आहे. खात्याची खात्री करायची असल्यास बिलावरच्या नंबरवर फोन करावा."

"चुकीचे" हा शब्द इथे कुठेच नाही. "आपण" येते ते ग्राहकाने वेळेवर पैसे पाठवले हे सांगताना. दुसऱ्या खात्याचा उल्लेख आला की वाक्य रकमेवर जाते: ती जमा झाली. मराठीत ही सोय आहे, ती वापरावी. "आपल्याकडून चुकून भरली गेली" असे लिहून काही साधत नाही, कारण त्यातही बोट ग्राहकाकडेच राहते. उलट टोकाला जाऊन "सर्व चूक आमचीच" असेही लिहू नका. कारण माहीत नसताना दोष अंगावर घेतला, तर पुढे रकमेवरून वाद झाल्यास तेच वाक्य समोर येते.

कारण बहुधा साधे असते. ग्राहकाने पूर्वी दुसऱ्या कंपनीला पैसे दिलेले असतात, तिचे खाते त्याच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये साठवलेले असते, आणि दोन्ही नावे जवळपास सारखी असतात. यादीतून बोट भलत्याच नावावर पडते. तेव्हा रक्कम सुरळीत मिळाल्यावर, आभाराच्या निरोपात, साठवलेल्या यादीत दोन्ही नावे तपासायला सांगा. पहिल्याच निरोपात ते घातले तर शिकवणी वाटते.

खाते क्रमांक निरोपात नव्याने टाकला नाही, हेही मुद्दाम. "आमचे योग्य खाते हे, इथे पैसे पाठवा" असा मजकूर भामटेही अगदी याच शब्दांत पाठवतात. सावध ग्राहक तो पाहून थांबेल, आणि त्याने थांबावेच. त्याच्या हातात आधीपासून असलेल्या बिलाकडे बोट दाखवणे दोघांच्याही हिताचे.

रक्कम परक्या माणसाच्या खात्यात गेली असेल, तर हा निरोप चालणार नाही. तिथे "सुरक्षित आहे" म्हणता येत नाही. त्या दिवशी लिहून चालत नाही, फोनच करावा लागतो: रक्कम आमच्या खात्यात आलेली नाही, आपण लगेच आपल्या बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या. पैसे मागे घेण्याची विनंती पाठवणाऱ्याच्या बँकेकडूनच सुरू होते, आणि समोरच्याने पैसे काढून घेतले की ती अवघड होत जाते. आपण मदत करू शकतो ती एवढीच की रक्कम मिळाली नसल्याचे लेखी द्यायचे.

आणि निरोप पाठवण्याआधी एक काम उरते. बिल 418 साठी आपोआप जाणारी स्मरणपत्रे बंद करा. सकाळी "रक्कम सुरक्षित आहे" आणि संध्याकाळी त्याच ग्राहकाला संगणकाकडून "आपले बिल थकीत आहे", असे झाले की तो सकाळच्या निरोपावरही विश्वास ठेवत नाही. 15 तारीख उलटूनही काही आले नाही, तर स्मरणपत्र न पाठवता फोन करा आणि आधी विचारा: परतावा आपल्या खात्यात दिसला का?