आमटी खारट झाली होती, हे स्पॅनिशमध्ये

मित्रहो, वाशीच्या या सभागृहात रविवारी संध्याकाळी आपण एवढ्या संख्येने जमलात, याबद्दल आभार. आजचा विषय आहे स्पेनमधल्या उपाहारगृहाविषयी स्पॅनिशमध्ये प्रामाणिक अभिप्राय कसा लिहावा, आणि त्यात तक्रार कोणत्या सुरात करावी. तिकडे मी येणारच आहे. परंतु गेली काही वर्षे एक विचार माझ्या मनात घर करून आहे आणि तो आधी मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्पॅनिश लिहिताना आपण मराठी मनातल्या मनात इंग्रजीत नेतो आणि तिथून स्पॅनिशमध्ये आणतो. या वळशाची मुळीच गरज नाही, आणि जेवणाविषयी लिहिताना तर तो थेट खड्ड्यात नेतो.

माझी एक विद्यार्थिनी, ऐरोलीला राहणारी, व्हॅलेन्सियाला गेली होती. शनिवारी दुपारी तिथल्या एका उपाहारगृहात ती आणि तिचा नवरा जेवले. भात उत्तम होता, सूप मात्र गार आले आणि दुसरा पदार्थ येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. वाढणारी मुलगी मात्र अतिशय मनमिळाऊ होती, तिने स्वतः येऊन माफी मागितली. त्या मुलीचे कौतुक व्हावे, या शुद्ध हेतूने माझ्या विद्यार्थिनीने अभिप्रायात लिहिले: ‘ला कामारेरा एस्ताबा मुय बुएना’. वाढणारी फार चांगली होती, असे तिला म्हणायचे होते. स्पॅनिश वाचकाला या वाक्यातून कळते ते असे की वाढणारी मुलगी शरीराने फार आकर्षक होती, आणि तेही जरा असभ्य शब्दांत. सुदैवाने तिने तो मजकूर प्रसिद्ध करण्याआधी मला पाठवला. ज्या मुलीने आपल्याला आदराने वागवले तिच्याविषयी आपल्याच हातून असे लिहिले जाणार होते, याने ती बराच वेळ अस्वस्थ होती, आणि ती अस्वस्थता मला योग्य वाटली.

चूक कुठे झाली? इंग्रजीत ‘होती’साठी एकच क्रियापद आहे, स्पॅनिशमध्ये दोन आहेत: ‘सेर’ आणि ‘एस्तार’. पाठ्यपुस्तके सांगतात की ‘सेर’ कायमच्या गुणासाठी आणि ‘एस्तार’ तात्पुरत्या स्थितीसाठी. हा नियम जेवणाच्या टेबलावर फारसा टिकत नाही, कारण संपलेल्या भाताची चव तात्पुरती की कायमची, हा प्रश्न विचारायलाच विचित्र वाटतो. पण आपल्या घरी काय म्हणतात ते पाहा. आपण म्हणतो, ‘आईच्या हातची आमटी छान असते’, आणि पहिला घास घेतल्यावर म्हणतो, ‘आज आमटी छान झाली आहे’. ‘असते’ हे त्या पदार्थाविषयीचे आपले सर्वसाधारण मत, आणि ‘झाली आहे’ हा या ताटातल्या पदार्थाचा आपण घेतलेला अनुभव. जेवणाच्या बाबतीत ‘सेर’ म्हणजे आपले ‘असते’, आणि ‘एस्तार’ म्हणजे आपले ‘झाली आहे’. ‘एस्ता रीका’, म्हणजे छान झाली आहे. ‘एस्ताबा रीका’, म्हणजे छान झाली होती. त्याच चालीने ‘एस्ताबा सालादा’ म्हणजे खारट झाली होती आणि ‘एस्ताबा सोसा’ म्हणजे अळणी झाली होती.

आता त्या वाक्याकडे परत वळा. माणसाविषयी ‘छान झाली होती’ असे आपण मराठीतही म्हणणार नाही. माझ्या विद्यार्थिनीने मराठीला विचारले असते, तर ते वाक्य कानालाच खटकले असते. तिथे ‘फुए मुय आमाब्ले’ हवे, म्हणजे फार अगत्याने वागली, किंवा त्याहून चांगले, ‘नोस आतेंदिओ मुय बिएन’, तिने आमचे फार चांगले पाहिले.

मराठीची अशी मदत आणखी होते. ‘मला भात आवडला, गोड पदार्थ आवडले’ यात क्रियापद आपल्याकडे पाहत नाही, पदार्थाकडे पाहते. ‘मे गुस्तो एल आर्रोस, मे गुस्तारोन लोस पोस्त्रेस’ यातही तसेच होते. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे हमखास ‘मी’ हा कर्ता शोधत बसतो. तिखट आणि गरम यांसाठीही आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द आहेत, ‘पिकांते’ आणि ‘कालिएंते’. आणि एक इशारा: इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना ‘रेगुलार’ म्हणजे नेहमीसारखे असे वाटते. स्पेनमध्ये ‘ला कोमिदा, रेगुलार’ लिहिले, तर जेवण यथातथाच होते असे वाचले जाते.

संयोजक घड्याळाकडे पाहत आहेत, म्हणून कबूल केलेला भाग आता झरझर सांगतो. एका ठिकाणी मराठी आपल्याला मदत करत नाही. आपले ‘होता’ आणि ‘होती’ सगळीकडे चालतात, पण स्पॅनिशमध्ये घडलेली गोष्ट एका भूतकाळात येते आणि पार्श्वभूमीची स्थिती दुसऱ्यात. पदार्थ आला, उशीर केला, विसरले या घटना ‘येगो’, ‘तार्दारोन’, ‘से लेस ओल्बिदो’ अशा येतात, तर कसा होता हे ‘एस्ताबा’ने सांगायचे.

प्रामाणिकपणा म्हणजे आपण पाहिले तेवढेच लिहिणे, आणि त्यासाठी तिथली रीत माहीत हवी. संध्याकाळी सहाला स्वयंपाकघर बंद होते, ही तक्रार करू नये, कारण तिथे रात्रीचे जेवण साधारण साडेआठ-नऊनंतरच सुरू होते. बिल आणायला उशीर केला, असे लिहिण्याआधी आपण ते मागितले होते का, हे आठवावे. तिथे न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठवणे मानतात. मागूनही आले नसेल, तर ‘पेदिमोस ला क्वेंता’, आम्ही बिल मागितले, हे आधी लिहून मग किती मिनिटे लागली ते सांगावे.

सुराविषयी एवढेच, की ‘ओर्रिब्ले’सारख्या शब्दांनी वाचकाला काहीच कळत नाही. ‘चाळीस मिनिटे’ने कळते. चव हे मत आहे, म्हणून तिथे ‘पारा मि गुस्तो’, माझ्या चवीला, असे जोडावे आणि ‘उन पोको’ने धार कमी करावी. उशीर हे मत नाही, तिथे काहीही जोडू नये. ‘से लेस ओल्बिदो एल पान’ या रचनेत पाव त्यांच्याकडून विसरला गेला, असा भाव येतो, आणि दोष सांगूनही कोणावर बोट रोखले जात नाही.

शेवटी तिचा अभिप्राय असा झाला: ‘फुइमोस आ कोमेर उन साबादो आ लास दोस. एल आर्रोस एस्ताबा मुय रीको, पेरो ला सोपा येगो फ्रीआ इ, पारा मि गुस्तो, एस्ताबा उन पोको सालादा. तार्दारोन क्वारेंता मिनुतोस एन त्राएर्नोस एल सेगुंदो प्लातो इ से लेस ओल्बिदो एल पान. ला कामारेरा फुए मुय आमाब्ले इ नोस पिदिओ दिस्कुल्पास. बोल्बेरिया, पेरो सिन प्रीसा.’ शनिवारी दोनला जेवायला गेलो. भात फार छान झाला होता, पण सूप गार आले आणि माझ्या चवीला जरा खारट झाले होते. दुसरा पदार्थ आणायला चाळीस मिनिटे लावली आणि पाव विसरला गेला. वाढणारी फार अगत्याने वागली आणि तिने आमची माफी मागितली. पुन्हा जाईन, पण घाई नसताना. ‘सालादा’चा शेवट ‘आ’ आहे, कारण ‘सोपा’ स्त्रीलिंगी आहे. तिथे तिने आधी ‘सालादो’ लिहिले होते, ते मी दुरुस्त केले, आणि मग तिने तो प्रसिद्ध केला.