कटिंग, दाढी, आयब्रो: किती दिवसांनी?

नमस्कार मंडळी! "दर महिन्याला कटिंग करतो, तरी अर्धा महिना अवतारच असतो," असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी बाजूला फेड मारलेला असतो. त्याचं गणित बघू.

डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. समजा, तुम्ही बाजूला एक नंबर मशीन मारलं, म्हणजे तीन मिलिमीटर, आणि वर सहा सेंटिमीटर ठेवले. दोन आठवड्यांत दोन्हीकडे पाचेक मिलिमीटरची भर पडते. वर कुणाला कळतही नाही. बाजूला मात्र तीनाचे आठ होतात. गेला फेड! म्हणून तारीख ठरते ती सगळ्यात आखूड केसांवरून. फेड असेल तर दोन ते तीन आठवडे. सगळी कटिंग कात्रीची असेल आणि बाजूला तीनेक सेंटिमीटर केस असतील, तर पाच आठवडे आरामात निघतात. मधे फक्त कल्ले आणि मान साफ करून घ्या, आणखी आठवडाभर ढकलता येतं.

दाढीलाही हेच लागू. सहा मिलिमीटरची दाढी दहा दिवसांत नऊ-दहाची होते, म्हणून आठवड्याने एकदा ट्रिमर फिरवा. केस कोरडे असताना फिरवा. ओले केस लांब दिसतात आणि हात जास्त चालतो. पण दाढी अस्ताव्यस्त दिसते ती लांबीमुळे कमी, कडांमुळे जास्त. गालावर आणि गळ्यावर जिथे वस्तरा लागलाय, तिथे दोन दिवसांत खुंट दिसतात. त्या रेषा दर दोन-तीन दिवसांनी साफ करा. गळ्याची रेषा कंठमण्याच्या वर साधारण दोन बोटं. जबड्याच्या हाडावरच रेषा काढली, तर हनुवटीखाली गोरा पट्टा दिसतो आणि मान उगाच जाड वाटते.

आयब्रोचं मात्र वेगळं. दोरा केस मुळापासून उपटतो, त्यामुळे तीन ते चार आठवडे मिळतात. दर आठवड्याला जाऊन बसू नका. नवे केस अजून त्वचेखाली असतात किंवा इतके बारीक की दोऱ्यात सापडत नाहीत. मग तीच जागा पुन्हा पुन्हा घासली जाते, लाल होते, पुळ्या येतात. पुरुषांनी "फक्त मधले आणि खालचे सुटे काढा, शेप नको" असं आधीच सांगावं. एखादा भुवईचा केस लांब झाला असेल, तर तो वर विंचरून कात्रीने टोक कापायचं, उपटायचा नाही. तिथे खळगा पडला की भरायला दीड-दोन महिने जातात.

म्हणजे फेडवाल्याने दर दुसऱ्या कटिंगला थ्रेडिंग उरकावं, वेगळी फेरी नको. लग्नकार्य असेल तर कटिंग चार दिवस आधी, म्हणजे कानामागचा पांढरा पट्टा जरा मिटतो. थ्रेडिंग दोन दिवस आधी, लाली उतरायला. दाढीच्या कडा मात्र त्याच दिवशी सकाळी.

तुमचा मशीनचा नंबर कमेंटमध्ये टाका, किती दिवस पुरेल ते सांगतो.