हवा पुढे, गॅस मागे : बर्नरमधल्या रेशो कंट्रोलची गोष्ट

[दृश्य : भट्टीच्या झरोक्यातून दिसणारी निळी, आखूड ज्योत]

ही ज्योत नीट बघा. रंग निळा आहे, टोकाला किंचित पारदर्शक. ती बर्नरच्या तोंडाशी घट्ट बसली आहे, भट्टीच्या भिंतीला चाटत नाही. एवढ्यावरून एक गोष्ट कळते : गॅस आणि हवा या क्षणी एकमेकांच्या मापात आहेत.

हे माप ठरतं रसायनशास्त्रावरून. नैसर्गिक वायूत प्रामुख्याने मिथेन असतो. मिथेनचा एक घनमीटर पूर्ण जळायला ऑक्सिजनचे दोन घनमीटर लागतात आणि हवेत ऑक्सिजन असतो जेमतेम २१ टक्के. म्हणजे एका घनमीटर गॅसला हवा लागते साडेनऊ घनमीटर, नेमकं सांगायचं तर ९.५२. पण बर्नरमध्ये गॅस आणि हवा कधीच शंभर टक्के मिसळत नाहीत, म्हणून थोडी हवा जास्तीची द्यावी लागते. आपण दहा टक्के जास्त धरू. मग आकडा येतो साधारण १०.५. आता पुढचं सगळं या आकड्याभोवती फिरणार आहे.

[दृश्य : कंट्रोल पॅनेल, शेजारी शेजारी दोन कंट्रोलर]

या पॅनेलवर दोन कंट्रोलर आहेत. एक गॅसचा, एक हवेचा. गॅसचा सेटपॉइंट, म्हणजे धरून ठेवायचा ठरवलेला आकडा, आहे ताशी १०० घनमीटर, हवेचा १०५०. दोन्ही कंट्रोलर आपापला प्रवाह मोजतात, आपापला व्हॉल्व्ह हलवतात आणि आपापला आकडा धरून ठेवतात. दोघांचंही काम चोख आहे. आणि दोघांनाही एकमेकांची काहीही खबर नाही.

भट्टीत नवा माल भरला, उष्णता जास्त हवी झाली. ऑपरेटरने गॅसचा सेटपॉइंट १४० केला. आता हवा लागणार १४७०. तो आकडा मनात काढायचा, दुसऱ्या कंट्रोलरवर टाकायचा, आणि हे होईपर्यंत भट्टीत हवा येत असते तीच जुनी, १०५०. भागाकार करून बघा : साडेसात. किमान साडेनऊ हवी होती. ज्वलनाला लागणाऱ्या हवेचा पाचवा हिस्सा गायब आहे. ज्योत लांबते, पिवळी पडते, टोकाशी धूर दिसू लागतो. न जळलेला गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड भट्टीत साठतात. इथे कोणी घाबरून हवेचा व्हॉल्व्ह एकदम उघडला, तर तो साठलेला वायू एका दमात पेट घेऊ शकतो. म्हणून ज्योतीला हवा कमी पडली की आधी गॅस कमी करायचा. हा क्रम उलटा होता कामा नये.

आता उलट बाजू. माल तापला, गॅस ६० वर आणला, हवा राहून गेली १०५० वर. इथे स्फोटाची भीती नाही, धूर नाही, ज्योतही बरी दिसते. म्हणूनच ही अवस्था तासन्‌तास कुणाच्या लक्षात येत नाही. पण हिशोब बघा. ६० घनमीटर गॅसला ६३० हवा पुरेशी होती. वरची ४२० घनमीटर हवा नुसती आत येते, तापते आणि धुराड्यातून निघून जाते. धुराड्यातल्या वायूचं तापमान ८०० अंश सेल्सियस असेल, तर ती फुकटची हवा तापवण्यात जवळजवळ १२५ किलोवॅट जातात. आणि ६० घनमीटर गॅसमधून मिळतात सुमारे ६०० किलोवॅट. म्हणजे जळणाऱ्या गॅसचा पाचवा हिस्सा बाहेरची हवा गरम करण्यात संपतो. धुराड्यातला ऑक्सिजन मोजला तर तो दोन टक्क्यांच्या आसपास असायला हवा होता. इथे तो दहाच्या पुढे गेलेला असेल.

[दृश्य : ब्लोअर, त्याच्या तोंडाशी धुळीने भरलेली हवेची जाळी]

इथपर्यंत कुणी म्हणेल, ऑपरेटर सावध असला तर दोन्ही आकडे वेळेवर बदलेल. मला हे म्हणणं पटत नाही, आणि त्याचं कारण ही जाळी आहे.

समजा, ऑपरेटरने सगळं बरोबर केलं. गॅस १४०, हवा १४७०. पण ब्लोअरची जाळी धुळीने भरली आहे आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही हवा १२६० च्या वर जात नाही. हवेचा कंट्रोलर आपली सगळी ताकद लावून बसला आहे. गॅसचा कंट्रोलर मात्र निवांत आहे, कारण त्याला सांगितलेले १४० घनमीटर तो व्यवस्थित देतो आहे. प्रमाण झालं ९. म्हणजे साडेनऊच्या खाली, ज्योत उपाशी. सेटपॉइंट अचूक होते, माणूस सावध होता, तरी भट्टीत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आहे. सेटपॉइंट ही फक्त इच्छा असते. ज्योतीला मिळतो तो प्रत्यक्ष प्रवाह, आणि जुळायला हवेत ते प्रत्यक्ष प्रवाह.

रेशो कंट्रोलची कल्पना इथूनच सुरू होते. दोनपैकी एकाच प्रवाहाला स्वतंत्र आकडा द्यायचा. दुसऱ्याचा सेटपॉइंट माणसाने द्यायचाच नाही. पहिल्याचा मोजलेला प्रवाह घ्यायचा, त्याला १०.५ ने गुणायचं किंवा भागायचं, आणि येईल तो आकडा दुसऱ्याचा सेटपॉइंट.

आता प्रश्न येतो तो खरा महत्त्वाचा : पुढे कोण, मागे कोण?

गॅसला पुढे ठेवलं तर काय होतं? मागणी वाढते, गॅसचा व्हॉल्व्ह एक-दोन सेकंदांत उघडतो. ते मोजून हवेला नवा सेटपॉइंट मिळतो. पण हवेचा डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, मोठा आणि जड असतो, त्याला जागेवर यायला जास्त सेकंद लागतात. त्या मधल्या सेकंदांत गॅस १४० आणि हवा ११५० अशी गाठ पडते. प्रत्येक वेळी भार वाढला की धुराचा एक झोत. आणि ती भरलेली जाळी? तिथेही उपयोग नाही. हवेला १४७० मागितले जातात, ती १२६० देते, गॅस मात्र मागे हटत नाही.

मग हवेला पुढे ठेवू. भार वाढताना आधी हवा वाढेल, मोजली जाईल, आणि गॅस तिच्यामागे येईल. उत्तम. पण भार कमी होताना? तेव्हाही हवाच आधी कमी होणार. गॅस मागे रेंगाळला, की पुन्हा तीच उपाशी ज्योत.

[दृश्य : पडद्यावर दोन ओळी उमटतात]

```
गॅसचा सेटपॉइंट = लहान ( मागणी , मोजलेली हवा ÷ १०.५ )
हवेचा सेटपॉइंट = मोठा ( मागणी , मोजलेला गॅस ) × १०.५
```

या दोन ओळींना क्रॉस लिमिटिंग म्हणतात. 'मागणी' म्हणजे भट्टीचा तापमान कंट्रोलर मागतो तेवढा गॅस. गॅससाठी दोन आकड्यांपैकी लहान निवडायचा, हवेसाठी मोठा. एवढंच. पण आपली तीच भट्टी यातून चालवून बघू.

मागणी १०० वरून १४० झाली. हवेसाठी मोठा आकडा १४०, म्हणून हवेला लगेच १४७० चा सेटपॉइंट मिळतो. गॅससाठी मात्र लहान आकडा घ्यायचा आहे : मागणी १४०, पण मोजलेली हवा अजून १०५०, म्हणजे भागून १००. गॅस १०० वरच थांबतो. डॅम्पर उघडत जातो, हवा १२६० होते, तेव्हा गॅसला १२० ची परवानगी मिळते. हवा १४७० ला पोहोचली की गॅस १४० ला.

आता मागणी १४० वरून ६० झाली. गॅससाठी लहान आकडा ६०, तो लगेच उतरू लागतो. हवेसाठी मोठा आकडा अजून मोजलेला गॅसच आहे. गॅस ११० वर आला की हवेला ११५५ पर्यंत उतरता येतं, त्याखाली नाही. वाढताना हवा पुढे, उतरताना गॅस पुढे. दोन्ही वेळी ज्योतीकडे हवेचं पारडं जड राहतं.

आणि भरलेली जाळी? हवा १२६० वर अडली, तर गॅसही १२० वर अडतो. मागणी १४० असली तरी. भट्टी तापायला वेळ लागेल, तापमान मागे राहील, आणि पॅनेलवर ते स्पष्ट दिसेल : मागणी एका आकड्यावर, गॅस त्याखाली खिळलेला. हे दिसलं की ब्लोअरकडे जायचं. दोष धुरातून कळण्याऐवजी कमी पडणाऱ्या उष्णतेतून कळतो, आणि त्यात कुणाला इजा होत नाही.

[दृश्य : हवेच्या पाइपवरची ऑरिफिस प्लेट, तिच्या दोन बाजूंनी निघालेल्या बारीक नळ्या]

हे सगळं उभं आहे ते मोजमापावर. ही ऑरिफिस प्लेट, म्हणजे भोक असलेली चकती, तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून प्रवाह सांगते, पण हवेचं तापमान तिला समजत नाही. १५ अंशांना जुळवलेला मीटर ४५ अंशांच्या हवेत १०५० दाखवत असेल, तेव्हा ज्वलनाच्या कामाची हवा १००० च्या आसपासच असते, कारण गरम हवा विरळ असते. दहा टक्के जास्तीची हवा पाच टक्क्यांवर आली आणि पॅनेलवर कुठेच काही हललं नाही. म्हणून हवेच्या पाइपमध्ये तापमानाचा सेन्सर बसवून ही दुरुस्ती हिशोबात घालावी लागते.

भार फार कमी असतानाही काळजी घ्यावी लागते. प्रवाह एक चतुर्थांशावर आला, की दाबातला फरक सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि मीटरचं वाचन डळमळू लागतं. तिथे प्रमाण मुद्दाम वाढवून ठेवतात, १२ किंवा त्याहून जास्त. थोडी उष्णता वाया जाते, ती जाऊ द्यावी.

[दृश्य : धुराड्यात बसवलेला ऑक्सिजन प्रोब]

शेवटची राखण करतो हा झिर्कोनियाचा प्रोब. तो जळून गेल्यानंतर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि १०.५ या आकड्याला हळूहळू वर-खाली करतो. गॅसची घडण बदलली किंवा मीटर सरकला, तरी चूक इथे पकडली जाते. मात्र त्याला मोकळं रान देत नाहीत. प्रमाणात थोड्याच टक्क्यांचा बदल करण्याची मुभा असते, कारण प्रोब उशिरा बोलतो आणि कधी कधी खोटंही बोलतो. दारातून किंवा भेगेतून बाहेरची हवा धुराड्यात शिरली, तर त्याला ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि तो हवा कमी करायला सांगतो, तेव्हा ज्योतीकडे ती आधीच कमी असू शकते. म्हणून बदलाची मर्यादा गाठली गेली की अलार्म वाजतो. आणि हवा ठरलेल्या पातळीखाली गेली किंवा ज्योत विझली, तर गॅस तोडणारी सुरक्षा यंत्रणा या सगळ्यापासून वेगळी असते. तिच्या तारा वेगळ्या, तिचे व्हॉल्व्ह वेगळे, आणि रेशो कंट्रोलरचं तिच्यावर काहीच चालत नाही.