तिप्पट प्लांट म्हणजे तिप्पट खर्च? कोटेशनआधीचं गणित

नमस्कार मंडळी.

समजा हिंगणा एमआयडीसीत तुमचं स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. २०२१ मध्ये काटोलकडच्या एका पार्टीला तुम्ही संत्र्याचा रस काढून पाश्चराइझ करायचा प्लांट बसवून दिला, तासाला १ टन फळ घेणारा. आता वरुडहून फोन येतो: "भाऊ, तसाच पाहिजे, पण तासाला ३ टनाचा. एकच पाहिजे. सोमवारपर्यंत अंदाजे आकडा द्या, बँकेत दाखवायचा आहे."

ड्रॉइंग नाही, मटेरियलची यादी नाही, हातात फक्त जुन्या प्लांटची फाइल. त्या फाइलमधून नव्याचा आकडा कसा काढायचा, ते आज करून बघू. रकमा मी समजायला सोप्या जाव्यात म्हणून घेतल्यात, त्या तशाच उचलून कोणाला कोटेशन देऊ नका.

जुन्या प्लांटला तुमचा खर्च आला होता ६० लाख. खर्च म्हणतोय मी. नफा, जीएसटी, वाहतूक, सगळं बाजूला काढलेलं. बिलाची रक्कम धरून हिशोब सुरू केला तर त्या वेळी भावात जी घासाघीस झाली, तीही नव्या आकड्यात मोठी होऊन येते.

बरेच जण काय करतात? ६० गुणिले ३, १८० लाख. पार्टी दुसरीकडे जाते, कारण दुसऱ्याने बरंच कमी सांगितलेलं असतं आणि तरी त्याला परवडतं. का परवडतं?

टाकीकडे बघा. टाकीची लांबी, रुंदी, उंची सगळं दुप्पट केलं तर आत आठपट माल मावतो. पण पत्रा किती लागला? चौपट. पत्र्याची जाडी तीच असेल, तर आठपट क्षमता चौपट पत्र्यात मिळाली. म्हणजे खर्च क्षमतेच्या दोन तृतीयांश घाताने वाढला, ०.६७. शिवाय मॅनहोल एकच, शिडी एकच, आणि वेल्डिंग करणारा माणूसही तोच. म्हणून तो घात आणखी थोडा खाली येतो. रॉजर विल्यम्स नावाच्या इंजिनिअरने १९४७ मध्ये यंत्रसामग्रीच्या किमतींवरून हा घात सरासरी ०.६ च्या आसपास येतो असं मांडलं. तेव्हापासून केमिकल इंजिनिअरिंगमध्ये हा 'सहा-दशांश नियम' म्हणून चालत आलाय.

[स्क्रीनवर]

```
C2 = C1 * (Q2/Q1)^n
=60*(3/1)^0.6
```

C1 जुना खर्च, C2 नवा खर्च, Q1 जुनी क्षमता, Q2 नवी क्षमता आणि n म्हणजे घात. दुसरी ओळ एक्सेलमध्ये जशीच्या तशी टाका. उत्तर येतं ११६. बऱ्याच फोनवर कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं, तिथेही होतं.

१८० च्या जागी ११६ लाख. बघून बरं वाटतं, आणि इथेच माणूस फसतो. आकडा पाठवायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, क्षमता कशाची? तुमचा जुना प्लांट १ टन फळाचा. वरुडची पार्टी ३ टन म्हणतेय ते फळ की रस? संत्र्याच्या वजनाच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी रस निघतो. त्यांच्या डोक्यात ३ टन रस असेल, तर तुम्हाला तासाला ६ टनांहून जास्त फळ हाताळायचंय आणि गुणोत्तर ३ चं ६ च्या वर गेलं. फोनवर एक प्रश्न विचारला की काम होतं, पण विचारत कोणी नाही. आपण धरू की ते फळाचंच बोलतायत.

दुसरी गोष्ट सगळ्यात मोठी, तिथे जरा थांबू. अख्ख्या प्लांटला एकच ०.६ लावायचा का? अगदी ढोबळ आकडा हवा असेल तर लावा. पण फाइल तुमच्याकडे आहे, मग ६० लाख फोडून बघायला काय हरकत आहे? मी चार ढीग करतो. टाक्या १८ लाख. रस काढायची आणि गाळायची यंत्रं २० लाख. पाश्चरायझर, पंप आणि पाइपिंग मिळून १४ लाख. उरलेले ८ लाख पॅनल, ड्रॉइंग आणि चालू करून देण्याचे.

टाक्यांना ०.६ शोभतो. ३ चा ०.६ वा घात १.९३, म्हणून १८ चे झाले ३४.८ लाख. पाश्चरायझर, पंप, पाइपिंगलाही ढोबळमानाने तोच लावू, १४ चे २७.१. यात पंपाचा घात कमी असतो आणि दुसरं काही जास्त निघतं, पण १४ लाखांच्या ढिगात तेवढं कोरत बसण्यात अर्थ नाही.

पॅनलचं बघा. पीएलसी तोच, प्रोग्रॅम जवळपास तोच, फक्त स्टार्टर आणि केबल जाड होतात. ड्रॉइंगलाही तिप्पट वेळ लागत नाही. इथे मी ०.२५ घेतो. ८ लाखांचे १०.५ लाख. एक बघून घ्या मात्र: जुना प्लांट तुम्ही एकाच ड्रॉइंगवर तीन जणांना दिला असेल, तर फाइलमध्ये ड्रॉइंगचा खर्च एक तृतीयांशच पडलेला असेल. वरुडचा प्लांट एकच आहे, त्याचं ड्रॉइंग दुसऱ्या कोणावर वाटता येणार नाही. म्हणून आधी जुन्या खर्चात ड्रॉइंगची पूर्ण रक्कम टाकायची, मग घात लावायचा. आपल्या उदाहरणात जुना प्लांटही एकच होता, त्यामुळे तसाच ठेवतो.

राहिली रस काढायची यंत्रं. ही तुम्ही बनवत नाही, विकत आणता. समजा तुमच्या सप्लायरचं सगळ्यात मोठं मॉडेल दीड टनाचं आहे. मग ३ टनासाठी दोन घ्यावी लागणार. एका यंत्राला घात लागेल, पण १ वरून दीडपर्यंतच: दीडचा ०.६ वा घात १.२७५, म्हणून २० लाखांचे २५.५. अशी दोन, म्हणजे ५१ लाख. सरळ ०.६ लावला असता तर इथे ३८.७ दिसले असते. एका ढिगात १२ लाखांचा फरक!

बेरीज करा: ३४.८, ५१, २७.१, १०.५. येतात १२३.४ लाख. यावरून उलटा घात काढला तर ०.६६ निघतो. ही तुमच्या वर्कशॉपची, तुमच्या सप्लायरची, या प्लांटची संख्या आहे, पुस्तकातल्या सरासरीपेक्षा कामाची. दोन वेगळ्या आकारांचे प्लांट तुम्ही आधीच बनवले असतील तर हीच संख्या थेट मिळते, फक्त C1, C2, Q1, Q2 च्या जागी तुमचे आकडे टाका:

```
=LN(C2/C1)/LN(Q2/Q1)
```

फक्त दोन्ही खर्च एकाच वर्षाच्या भावात आणून घ्या, नाहीतर महागाईच घातात शिरते.

घातातल्या बारीक फरकाला एवढं का जपायचं? कारण गुणोत्तर वाढलं की तो फरक फुगतो. दीडपट प्लांटला ०.६ ऐवजी ०.७ घेतला तर आकडा ४ टक्के हलतो. तिप्पट प्लांटला जवळपास १२ टक्के. तुमचा अख्खा नफा तेवढा असतो की नाही, तुम्हीच सांगा.

आता टाक्यांकडे परत येऊ, कारण ०.६ शोभतो म्हणताना मी एक गोष्ट गृहीत धरली, जाडी तीच राहील. रसाच्या उघड्या टाकीला लहान आकारात जाडी ताकदीसाठी नसतेच. पत्रा वाकू नये, वेल्डिंग नीट व्हावं म्हणून २ मिमी लावतो. टाकी मोठी झाली की ३ मिमी लागतो. त्या पायरीवर वजन एकदम दीडपट होतं आणि सूत्राला त्याचा पत्ता नसतो. दाबाच्या भांड्याचं तर गणितच निराळं. तिथे तोच दाब सोसायला व्यासाच्या प्रमाणात जाडी वाढवावी लागते, म्हणजे क्षमता आठपट तर पत्र्याचं वजनही आठपट. घात थेट १ कडे सरकतो. ओळखायचं कसं? जुन्या टाकीचं वजन काढा, दर लिटरमागे किती किलो पत्रा. नव्या टाकीचं कागदावर तेच काढा. क्षमता तिप्पट करूनही किलो प्रति लिटर खाली येत नसेल, तर ०.६ विसरा.

आणखी एक अडचण दारातच उभी असते. गाडीची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत. टाकीचा व्यास त्यापुढे गेला तर जास्तीच्या मापाच्या मालाची परवानगी काढा, नाहीतर तुकडे नेऊन वरुडला साइटवर वेल्डिंग करा. दोन्हीत खर्चाची उडी आहे, सूत्रात नाही.

तिसरी गोष्ट, वर्ष. १२३.४ लाख २०२१ च्या भावातले. जुन्या फाइलमधून चार-पाच नेहमीच्या गोष्टी उचला: एसएस ३०४ चा किलोचा दर, वेल्डरची रोजी, त्याच मॉडेलचा पंप. आजचा दर भागिले तेव्हाचा दर, आणि ज्याचा खर्चात वाटा मोठा त्याला वजन जास्त. समजा १.१२ आलं. १२३.४ गुणिले १.१२, १३८ लाख. तुमचा जुना प्लांट २०२१ ऐवजी २०२२ च्या मार्च-एप्रिलमधल्या खरेदीचा असता, तर मी जास्त सांभाळून राहिलो असतो. ८ मार्च २०२२ ला निकेल टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं आणि लंडनच्या मेटल एक्स्चेंजने व्यवहार थांबवले. ३०४ मध्ये ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. त्या दिवसांतलं बिल पाया म्हणून धरलं तर पायाच फुगलेला.

मग वरुडला १३८ लाख सांगायचे? एकटा आकडा सांगू नका, रेंज सांगा. या पद्धतीला मी खाली २० टक्के, वर ३० टक्के धरतो, म्हणजे ११० ते १८० लाख. वरचं टोक मघाच्या तिप्पटवाल्या १८० शी जुळलं तो योगायोग. तो आकडा जुन्या भावातला होता, आजच्या भावात २०० च्या वर गेला असता. या रेंजवर नफा, वाहतूक आणि जीएसटी चढवा आणि कागदावर ठळक 'बजेटरी ऑफर' लिहा, सोबत क्षमता तासाला ३ टन फळ. यावर ऑर्डर घ्यायची नाही.

रेंज छोटी करायची असेल तर सगळं ड्रॉइंग पूर्ण व्हायची वाट बघायला नको. बेरजेतला सगळ्यात जाड ढीग कोणता? रस काढायची यंत्रं, १२३ पैकी ५१. आणि आपला सगळ्यात मोठा अंदाजही तिथेच, की दोन लागतील. सोमवारच्या आत सप्लायरला एक फोन: दीड टनाच्या दोन यंत्रांचा भाव लेखी पाठवा, आणि ३ टनाचं एकच मॉडेल येतं का तेही कळवा. त्या एका मेलने ४० टक्के खर्चाचा अंदाज उरत नाही, भाव हातात येतो.