आजच्या नाही, पुढच्या ग्राफिक्स कार्डाच्या हिशोबाने एसएमपीएस निवडा

नमस्कार मंडळी. गेमिंग पीसी बांधताना एसएमपीएस बहुतेक वेळा यादीत सगळ्यात शेवटी येतो आणि उरलेल्या पैशांत बसवला जातो. माझं म्हणणं उलट आहे. प्रोसेसर बदलतो, कार्ड बदलतं, पण चांगला एसएमपीएस सात-दहा वर्षं त्याच कॅबिनेटमध्ये राहतो. म्हणून त्याचा आकडा आजच्या कार्डावरून काढायचा नाही. या पीसीत तुम्ही कधीतरी बसवाल असं सगळ्यात मोठं कार्ड कोणतं, हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे यायचं.

एक खरा पीसी घेऊन करून बघू.

[स्क्रीनवर: रायझन ५ ७६०० + आरटीएक्स ४०६०]

आज बजेट एवढंच आहे. दोन वर्षांनी आरटीएक्स ५०७० टीआय किंवा त्या ताकदीचं कार्ड घ्यायचं आहे.

आधी प्रोसेसर. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं दिसेल. तो टीडीपी, हिशोबात तो धरू नका. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, म्हणजे ७६०० ज्यावर बसतो त्यावर, प्रोसेसर खरोखर किती वीज खेचू शकतो त्याची मर्यादा वेगळी असते, तिला पीपीटी म्हणतात, आणि ती साधारण टीडीपीच्या १.३५ पट असते. म्हणजे ६५ चे ८८ वॅट. इंटेल घेत असाल तर ‘मॅक्सिमम टर्बो पॉवर’ हा आकडा बघा. आय५ १४६००के ची बेस पॉवर १२५ वॅट आहे, पण टर्बोची मर्यादा १८१.

ग्राफिक्स कार्डाचं सोपं आहे, कंपनी बोर्ड पॉवर जाहीर करते. ४०६० चे ११५ वॅट. उरलं मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लावलेल्या वस्तू. यांचा एकेक आकडा शोधत बसू नका, सगळ्यांचे मिळून ६० वॅट धरा.

[स्क्रीनवर: ८८ + ११५ + ६० = २६३ वॅट]

आता दुकानदार म्हणेल, “४५० वॅटचा घ्या, भरपूर झाला.” आजच्या पीसीसाठी तो बरोबरच बोलतोय. पण ५०७० टीआय एकटं ३०० वॅटचं आहे. ११५ काढून ३०० घातले की ४४८ वॅट. आणि माणूस मोठं कार्ड घेतो तेव्हा पुढेमागे प्रोसेसरही बदलतो. त्याच बोर्डावर ७८००एक्स३डी बसतो, त्याचा पीपीटी १६२.

[स्क्रीनवर: १६२ + ३०० + ६० = ५२२ वॅट]

हा आपला खरा आकडा. गेम खेळताना प्रत्यक्षात यापेक्षा कमीच लागेल, कारण ७८००एक्स३डी गेममध्ये १६२ च्या जवळपासही जात नाही. पण मोजायचं ते जास्तीत जास्त.

मग ५५० वॅटचा का चालणार नाही? इथे जरा थांबू, कारण सगळी गडबड इथेच होते.

३०० वॅट ही कार्डाची सरासरी आहे. प्रत्यक्षात कार्डाची मागणी क्षणोक्षणी वरखाली होते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ती सरासरीच्या कितीतरी वर उडी मारते. सॉफ्टवेअरमध्ये ही उडी दिसत नाही, कारण ते फार सावकाश मोजतं. एसएमपीएसला मात्र ती दिसते. त्याच्या आत जास्त लोड आला की वीज तोडणारं संरक्षण असतं, ते उडीला घाबरून पीसी बंद करून टाकतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं तेव्हा कागदावर पुरेसे वॅट असलेले एसएमपीएससुद्धा असे बंद पडल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

म्हणूनच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. नव्या १६ पिनच्या कनेक्टरसह येणारा, ४५० वॅटच्या वरचा एसएमपीएस असेल तर त्याने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट लोड सहन केला पाहिजे, अशी अट त्यात आहे. मोठं कार्ड पुढे घ्यायचं असेल तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं आहे का, हे मी आधी बघेन. ८० प्लस गोल्डचा शिक्का नंतर. तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, उडी झेपेल का हे नाही.

माझा नियम असा: जास्तीत जास्त लोड एसएमपीएसच्या ७० टक्क्यांच्या आसपास यावा. ५२२ भागिले ०.७ म्हणजे साधारण ७४६. घ्या ७५० वॅटचा. एनव्हिडियासुद्धा ५०७० टीआयसाठी ७५० च सुचवते. ६५० वर हाच लोड ८० टक्के होतो. चांगल्या प्रतीचा असेल तर चालेलही, पण विदर्भातल्या मे महिन्यात, बंद खोलीत, पाच वर्षं जुना झाल्यावर मला तेवढी मोकळीक कमी वाटते. आणि ५०८० डोक्यात असेल तर ते ३६० वॅटचं आहे, मग सरळ ८५०. हजारचा घेतला तर बिल वाढत नाही, पीसीला लागते तेवढीच वीज तो देतो. फक्त पैसे अडकतात.

[कॅमेऱ्यासमोर एसएमपीएस आडवा धरून लेबल दाखवणे]

खरेदीच्या वेळी हे लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्या रकान्यातले अँपिअर गुणिले १२ करा. ६२ अँपिअर असतील तर ७४४ वॅट, म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथे आहे. स्वस्त डब्यांवर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं आणि १२ व्होल्टवर ३० अँपिअर, म्हणजे कामाचे ३६० च. लेबलवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त वॅट दिलेले असतात, तेच खरे.

वायरीही आजच मोजा. ४०६० ला ८ पिनची एक वायर पुरते. ५०७० टीआयला १६ पिनची वायर लागते, नाहीतर अडॅप्टरला ८ पिनच्या किमान दोन वेगळ्या वायरी. एकाच वायरीला दोन तोंडं असतील तर दोन्ही त्याच अडॅप्टरमध्ये खुपसू नका. आणि वायर कमी पडली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसची कधीही लावू नका. तोंड बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह, बोर्ड काहीही जळू शकतं.

ताकद कमी पडतेय हे ओळखायचं कसं? गेम ऐन रंगात असताना निळी स्क्रीन न येता पीसी एकदम काळा होतो किंवा रीस्टार्ट होतो. विंडोजच्या Event Viewer मध्ये Kernel-Power 41 ही नोंद दिसते. ती नोंद फक्त ‘पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला’ एवढंच सांगते, म्हणून एक चाचणी करा: कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम पुन्हा खेळा. बंद पडणं थांबलं, तर संशय एसएमपीएसवर किंवा त्याच्या वायरींवर घ्या.

आणि वीज जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचे बरेच यूपीएस ३६० वॅटच देतात. आजचा पीसी मॉनिटरसकट त्यात बसतो. मोठं कार्ड आल्यावर गेम चालू असताना वीज गेली तर तो यूपीएस लोड सोडून देईल. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅटचा आकडा विचारा.