खळ दिलेला सदरा आणि छातीवर पडणारा तळहात

(दृश्य: बीड जिल्ह्यातील एका गावातला ओटा. धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर उपरणे अशा वेषात एक वृद्ध शेतकरी बसले आहेत.)

१९७२च्या दुष्काळात खडी फोडलेले हे आबा कॅमेऱ्यासमोर बोलणार आहेत आणि त्यासाठी त्यांनी मुद्दाम खळ दिलेला नवा सदरा घातला आहे. सदऱ्याच्या पट्टीला कॉलर माइक लावून आम्ही चाचणी घेतली, तेव्हा हेडफोनमध्ये दोन वेगवेगळे आवाज आले. मान वळली की कोरड्या पाचोळ्यासारखी खसखस ऐकू येई, आणि ‘मी सोता पाहिलंय’ म्हणत त्यांनी छातीवर तळहात ठेवला की ढप्प असा दणका बसे.

खसखशीचा उपाय रेकॉर्डिंगआधीच करावा लागतो, कारण ती श, स, च या वर्णांच्याच पट्ट्यात असते. नंतर ती छाटायला गेले तर शब्दही बोथट होतात. कापड माइकवर घासते म्हणून ती येते, तेव्हा कापड आणि माइक एकजीव हलतील असे करणे हाच मार्ग आहे.

(दृश्य: बोटे आणि चिकटपट्टी, अगदी जवळून.)

मेडिकलमधल्या कापडी चिकटपट्टीचे दोन तुकडे, चिकट बाजू बाहेर ठेवून, त्रिकोणी घडी घालून घेतले. जाळी उघडी ठेवून माइक त्या दोन घड्यांमध्ये धरला आणि गुंड्यांच्या पट्टीच्या दोन पदरांमध्ये असा बसवला की दोन्ही पदर त्याला चिकटले. खाली वायरीचा रुपयाएवढा वेढा करून तोही सदऱ्याला आतून चिकटवला, म्हणजे वायर ओढली गेली तरी हिसका माइकपर्यंत जात नाही. उपरणे काढायला सांगणे आम्हाला योग्य वाटले नाही. त्याचे टोक आबांनीच पाठीमागे सेफ्टी पिनने अडकवले.

दणक्याचे कारण निराळे आहे. माइक अंगाला टेकला असेल तर छातीचा हादरा थेट त्यात शिरतो, म्हणून तो बंडीला किंवा कातडीला न लावता, अंगापासून सुटणाऱ्या सदऱ्यालाच लावला आणि तळहात पडतो त्या जागेच्या चार बोटे वर सरकवला. याहून वर, हनुवटीखाली, आवाज दबतो. बोलण्याचे शिखर -12 dB च्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवली, कारण दणक्याने आवाज फाटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही. 80 Hz खालचा भाग कापणारा फिल्टरही लावला. तो 150 पर्यंत नेला असता तर आबांच्या आवाजातला भारदस्तपणा गेला असता.

मग आबांना मान वळवायला, वाकायला आणि हात जोडायला सांगून पुन्हा ऐकले. खसखस गेली होती, दणका मात्र मंद स्वरूपात उरला होता. संकलनात तो शब्दांच्या मधल्या जागी थोडा खाली घेतला, पण पुसला नाही, कारण चित्रात हात छातीवर पडताना दिसतो.