ग्राहकाचे शब्द आणि आपली कात्री

नमस्कार. सुरुवातीला एक मेसेज वाचून दाखवते. एका बॅग बनवणाऱ्या छोट्या ब्रँडला तो इनबॉक्समध्ये आला होता आणि मी तेव्हा त्यांच्या पोस्ट लिहीत होते. मेसेज असा होता:

"खरं सांगू का सुरवातीला घेऊ की नको असं झालं होतं कारण जरा मोठी वाटली फोटोत.. पण आता चार महिने झाले रोज वापरतेय लॅपटॉप बाटली छत्री सगळ बसत आणि खांदा दूखत नाही आधीच्या बॅगेसारखा. चेन पहिल्या आठवड्यात थोडी अडकायची आता नीट चालते. माझ्या मुलीला पण हवीये आता अशीच!! डिलिव्हरी उशिरा आली होती पण ते असो. थँक्यू"

असा मेसेज आला की पोस्ट लिहिणाऱ्याचा दिवस चांगला जातो. मी लगेच तो "नीट" करायला घेतला आणि तयार झालं ते असं: "ही बॅग म्हणजे अप्रतिम! लॅपटॉपपासून छत्रीपर्यंत सारं काही सहज सामावतं, आणि खांदेदुखीपासून कायमची सुटका. माझ्या मुलीलाही हीच हवी! – एक समाधानी ग्राहक."

ब्रँडच्या मालकांना ते आवडलं. पोस्ट करण्याआधी विचारायचं म्हणून मी ते त्या ताईंना पाठवलं. त्यांचं उत्तर मला आजही पाठ आहे: "छान लिहिलंय, पण हे मी लिहिलेलं नाही. माझ्या मैत्रिणी लगेच ओळखतील."

आज मला याच दोन वाक्यांबद्दल बोलायचं आहे. ग्राहकाचं कौतुक पुन्हा पोस्ट करताना त्याला हात लावायचा की नाही, हा प्रश्न तसा सोपा आहे. हात लावावा लागतोच, कारण माणसं घाईत, फोनवर, जमेल तसं लिहितात. खरा प्रश्न हा, की कुठे थांबायचं.

माझ्या त्या चार ओळींत मी काय काय केलं ते बघू. "अप्रतिम" हा शब्द त्यांनी वापरलाच नव्हता. "सामावतं" हे तर कुणीच मैत्रिणीला मेसेज करताना लिहीत नाही, ती कॅटलॉगची भाषा आहे. "चार महिने" मी काढून टाकले आणि त्यासोबत त्या मेसेजमधला सगळ्यात मोठा पुरावा गेला. पण सगळ्यात गंभीर चूक खांद्याची. त्या म्हणाल्या होत्या की आधीच्या बॅगेने खांदा दुखायचा तसा हिने दुखत नाही. एका माणसाची, दोन बॅगांमधली तुलना. मी त्याचं "खांदेदुखीपासून कायमची सुटका" केलं. आता तो आरोग्याविषयीचा दावा झाला. तो ब्रँडने स्वतःच्या नावाने केला असता तर पुरावा द्यावा लागला असता. आम्ही तो ग्राहकाच्या तोंडी घातला, आणि ग्राहकाच्या तोंडून आला म्हणून दाव्याची जबाबदारी ब्रँडवरून जात नाही.

याबाबतचे नियम काय म्हणतात तेही थोडक्यात सांगते, कारण ते समजायला अवघड नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची जाहिरातींतल्या शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्या मते शिफारस त्या माणसाच्या अगदी त्याच शब्दांत असायलाच हवी असं नाही, मात्र जाहिरात "हे त्याचेच शब्द आहेत" असं सांगत असेल तर ते त्याचेच हवेत. आणि शब्द बदलून किंवा संदर्भ तोडून त्याच्या मताचा विपर्यास करायला कुठेच मुभा नाही. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत असा अभिप्राय खरा असल्याचा लेखी पुरावा आणि तो देणाऱ्याचा संपर्क जाहिरातदाराने जपून ठेवावा, असं आहे.

आता "त्याचेच शब्द आहेत" असं आपण कधी सांगतो? तोंडाने फारसं कधी सांगत नाही, पण अवतरणचिन्ह घातलं की वाचणारा तेच समजतो. खाली नाव लिहिलं की आणखी ठामपणे समजतो. आणि स्क्रीनशॉट टाकला तर शंकाच राहत नाही. म्हणून स्क्रीनशॉटमधलं एक अक्षरसुद्धा बदलायचं नाही, शुद्धलेखनसुद्धा नाही. नाव आणि फोटो झाकता येतात, परवानगी असेल तर वरचा-खालचा भाग कापता येतो, पण अक्षरांना हात नाही. शुद्धलेखन सुधारायचंच असेल तर मजकूर वेगळा टाइप करा. टाइप केलेल्या मजकुराला वाचणारा थोडी सूट देतो. चित्राला देत नाही.

बरं, मग मी पुन्हा कामाला बसले. आधी मूळ मेसेज तारखेसकट जसाच्या तसा एका फाइलमध्ये चिकटवला, सोबत स्क्रीनशॉटही ठेवला. खाली त्याची प्रत घेऊन त्या प्रतीवरच काम केलं. ही सवय फार उपयोगी आहे. चार वेळा बदल झाल्यावर मूळ वाक्य काय होतं ते आपल्यालाच आठवेनासं होतं, आणि मग आपण आपल्याच वाक्याला ग्राहकाचं वाक्य समजू लागतो.

पहिलं काम अक्षरांचं. "सगळ बसत" ला अनुस्वार दिले, "दूखत" चं "दुखत" केलं, "सुरवातीला" चं "सुरुवातीला". वस्तूंच्या मध्ये स्वल्पविराम घातले. दोन टिंबांचा पूर्णविराम केला. याने अर्थ बदलत नाही, वाचणं सोपं होतं. पण "जरा मोठी वाटली फोटोत" हा क्रम मी तसाच ठेवला. व्याकरणाच्या पुस्तकात "फोटोत जरा मोठी वाटली" असेल, पण आपण बोलताना असंच बोलतो, आणि या एका क्रमावरून वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारी बाई खरी आहे. "हवीये", "वापरतेय" हेही तसंच ठेवायचं.

मग आली खांद्याची ओळ. "खांदा दुखत नाही आधीच्या बॅगेसारखा." ही घाईत वाचली तर उलटाही अर्थ लागू शकतो, की आधीच्या बॅगेनेही दुखत नव्हता आणि हिनेही नाही. मला मोह झाला की सरळ "आधीच्या बॅगेने खांदा दुखायचा, हिने दुखत नाही" असं लिहावं. पण अर्थ आपण लावून द्यायचा नसतो, विचारायचा असतो. मी फक्त "नाही" नंतर एक स्वल्पविराम दिला आणि समासात नोंद केली: हे त्यांना विचारायचं.

पुढे काय कापायचं. "खरं सांगू का" आणि "थँक्यू" गेलं, त्याला अडचण नाही. डिलिव्हरीच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. पोस्ट बॅगेबद्दल होती, घरपोच सेवेबद्दल नव्हती, म्हणून ते वाक्य काढता येईल असं वाटलं. तरी मी पार्सल पाठवणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं की त्या महिन्यात उशीर सगळ्यांनाच झाला होता का. नाही, ते एकच पार्सल अडकलं होतं. म्हणून काढलं. तो उशीर नेहमीचा असता तर मी काढलं नसतं, कारण पोस्ट वाचून ऑर्डर करणाऱ्यालाही तोच अनुभव येणार होता आणि आम्हाला ते आधीच माहीत असतं.

आणि चेन. मालकांनी पहिल्यांदा तीच खोडली होती. त्यांचं म्हणणं, "आता नीट चालतेय ना, मग कशाला सांगायचं?" मी त्यांना सांगितलं की नवीन बॅग घेणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात चेन ओढून बघणार आहे. ती अडकली की त्याला वाटेल, माझाच पीस खराब आला. हे वाक्य वाचलेलं असेल तर तो थांबेल. शिवाय ज्या मेसेजमध्ये एकही "पण" नाही तो वाचताना आपण सगळेच मनातल्या मनात दोन पावलं मागे सरकतो. तक्रार ठेवली की कौतुकाला वजन येतं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. पण मी ती वजनासाठी ठेवत नाही, ती खरी आहे म्हणून ठेवते. हा फरक महत्त्वाचा, कारण उद्या कुणी विश्वासार्ह दिसावं म्हणून एखादी छोटीशी तक्रार स्वतःहून घालेल, आणि तीही तितकीच खोटी.

इथे एक तपासणी सांगते. मूळ मेसेज एका सहकाऱ्याला दाखवा, सुधारलेला दुसऱ्याला, आणि दोघांना विचारा, लिहिणाऱ्याने पाचपैकी किती तारे दिले असतील? माझ्या पहिल्या आवृत्तीला पाच मिळाले, मूळ मेसेजला चार. म्हणजे मी ग्राहकाच्या नावावर एक तारा वाढवला होता. दोन्हींना सारखं उत्तर आलं की समजायचं, हात मर्यादेत राहिला.

नवी आवृत्ती मी ताईंना पाठवली. सोबत मूळ मेसेजही जोडला, म्हणजे त्यांना काय बदललंय ते शोधावं लागू नये. आणि चार गोष्टी विचारल्या: मजकूर बरोबर आहे का, खांद्याच्या ओळीचा अर्थ मला लागला तोच आहे का, नाव कसं लिहू, आणि हे फक्त आमच्या पेजवर चालेल की पैसे देऊन केलेल्या जाहिरातीतही. शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. खासगी मेसेज पाठवणारा माणूस आपल्याशी बोलत असतो, तो जाहिरातीत यायला बसलेला नसतो. पेजला हो म्हणजे खोक्यावर छापायला हो, असंही नाही. आणि बॅग त्यांना फुकट किंवा सवलतीत दिलेली असती तर तेही पोस्टमध्येच लिहावं लागलं असतं. इथे त्यांनी स्वतः विकत घेतली होती.

उत्तर आलं. मुलीचं वाक्य काढा म्हणाल्या, तिला आवडणार नाही. नाव फक्त आद्याक्षर. जाहिरात नको, पेजवर चालेल. खांद्याचा अर्थ बरोबर होता. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सुधारली, जी माझ्या कधीच लक्षात आली नसती: "मी रोज लिहिलंय पण खरं तर ऑफिसला जाते त्या दिवशीच वापरते, आठवड्यातून चारदा. तसं करा." त्यांचाच शब्द होता, पण छापून येणार म्हटल्यावर त्यांना तो खटकला.

शेवटी पोस्ट झालं ते हे: "सुरुवातीला घेऊ की नको असं झालं होतं, कारण जरा मोठी वाटली फोटोत. पण आता चार महिने झाले, ऑफिसच्या दिवशी वापरतेय, आठवड्यातून चारदा. लॅपटॉप, बाटली, छत्री सगळं बसतं आणि खांदा दुखत नाही, आधीच्या बॅगेसारखा. चेन पहिल्या आठवड्यात थोडी अडकायची, आता नीट चालते." खाली आद्याक्षर, मेसेजचा महिना आणि एक बारीक ओळ: "शुद्धलेखन सुधारून आणि थोडं संक्षिप्त करून, लिहिणाऱ्यांच्या संमतीने." महिना यासाठी, की वर्षभराने कुणी ती पोस्ट वाचली तर "आता चार महिने" म्हणजे कधीपासूनचे ते कळावं. नंतर बॅगेचं कापड बदललं तेव्हा आम्ही ती पोस्ट वर पिन केलेली होती ती काढली, कारण ते कौतुक जुन्या कापडाच्या बॅगेचं होतं.

पोस्टखाली पहिला प्रश्न चेनबद्दलच आला: "किती दिवसांनी सैल झाली?" आम्ही उत्तर लिहीत होतो तेवढ्यात ताईंनीच लिहिलं, "सात-आठ दिवस. मी दातांवर थोडी मेणबत्ती घासली होती."